यादीत पत्ता असूनही फोन का नाकारला जातो: परवानगी-यादी आणि यादृच्छिक मॅक पत्ते

राउटरवर किंवा मोबाइल हॉटस्पॉटवर ‘फक्त यादीतल्या उपकरणांना प्रवेश’ ही सोय चालू केली की एक कोडे हमखास पुढे येते. फोनच्या माहितीच्या पानावरून मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्कवर उपकरण ओळखण्याचा क्रमांक, अक्षरशः उतरवून घेतलेला असतो, तो यादीत नीट भरलेला असतो, पासवर्डही बरोबर असतो, आणि तरीही फोन जोडला जात नाही. त्याच यादीतला जुना लॅपटॉप मात्र बिनतक्रार जोडला जातो. अशा वेळी बहुतेक जण पासवर्ड पुन्हा टाकतात, नेटवर्क विसरून परत जोडतात, राउटर बंद करून चालू करतात, आणि यातल्या कशानेही फरक पडत नाही. कारण साधे आहे: यादीत भरलेला पत्ता आणि फोन त्या नेटवर्कला सांगत असलेला पत्ता हे दोन वेगळे पत्ते आहेत. हा फरक का पडतो, तो कसा ओळखावा आणि यादीत नेमका कोणता पत्ता भरावा, हे पुढे क्रमाने पाहू.

राउटर यादी केव्हा तपासतो

वाय-फायवरून पाठवल्या जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येक फ्रेमवर, म्हणजे माहितीच्या तुकड्यावर, ती पाठवणाऱ्याचा मॅक पत्ता असतो. हा पत्ता ४८ बिटांचा असून तो दोन-दोन चिन्हांच्या सहा जोड्यांत लिहिला जातो. प्रत्येक चिन्ह 0 ते 9 किंवा A ते F यांपैकी एक असते. फोन नेटवर्कला जोडला जाऊ लागतो तेव्हा तो आधी एक ओळख-फ्रेम पाठवतो, मग सामील होण्याची विनंती करतो, आणि त्यानंतरच डब्ल्यूपीए२ या सुरक्षेच्या पद्धतीत चार संदेशांची ती देवाणघेवाण होते जिच्यात पासवर्ड खरोखर पडताळला जातो. परवानगी-यादी पाळणारा राउटर सामान्यतः पहिल्याच टप्प्यावर फ्रेमवरचा पत्ता यादीशी ताडून पाहतो. पत्ता सापडला नाही तर तो तिथेच नकार देतो, किंवा काही राउटर उत्तरच देत नाहीत.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. नाकारलेल्या फोनचा पासवर्ड कोणी तपासलेलाच नसतो. म्हणून तो दहा वेळा टाकून काही साधत नाही. फोनलाही नकाराचे कारण कळत नाही. राउटर ‘तुझा पत्ता यादीत नाही’ असे सांगत नाही, तो केवळ एक मोघम अपयश कळवतो. त्यामुळे पडद्यावर ‘नेटवर्कला जोडता आले नाही’ अशा धाटणीचा संदेश येतो, आणि काही फोन तर अंदाजानेच पासवर्डावर ठपका ठेवतात.

सगळे राउटर मात्र असे वागत नाहीत. काहींमध्ये यादी वाय-फायच्या दारावर नसून इंटरनेटच्या वाटेवर असते. तिथे फोन जोडला जातो, त्याला आयपी पत्ताही मिळतो, पण एकही पान उघडत नाही. मोबाइल हॉटस्पॉटच्या बाबतीत तिसरा प्रकार दिसतो: फोन क्षणभर जोडला जातो आणि लगेच तोडला जातो, किंवा हॉटस्पॉट चालवणाऱ्या फोनवर ‘अमुक उपकरणाला परवानगी द्यायची का’ अशी सूचना येते. लक्षणे तीन असली तरी मुळाशी तुलना एकच असते, आणि त्यामुळे उपायही एकच असतो.

फोन कोणता पत्ता सांगतो

वाय-फायच्या चिपला कारखान्यात एक कायमचा मॅक पत्ता दिलेला असतो. त्याच्या पहिल्या तीन जोड्या सहसा आयईईई या संस्थेने उत्पादकाला नेमून दिलेल्या असतात आणि उरलेल्या तीन उत्पादक आपल्या क्रमाने भरतो. हा पत्ता कधीच बदलत नसल्याने एकच फोन वेगवेगळ्या ठिकाणच्या नेटवर्कांवर ओळखता येतो आणि त्याच्या हालचालींचा माग काढता येतो. यावर तोडगा म्हणून आयओएस ८ ने २०१४ मध्ये नेटवर्क शोधताना बनावट पत्ते वापरायला सुरुवात केली. मात्र ते फक्त शोधण्यापुरते होते. प्रत्यक्ष जोडणीत मूळ पत्ताच जात असे आणि परवानगी-याद्या पूर्वीसारख्याच चालत राहिल्या.

अडचण पुढच्या पावलाने निर्माण झाली. २०१९ मधल्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० मधल्या आयओएस १४ पासून प्रत्यक्ष जोडणीसाठीही यादृच्छिक पत्ता वापरणे हेच ठरलेले वर्तन झाले, आणि तेही प्रत्येक नेटवर्कसाठी वेगळ्या पत्त्याने. फोनच्या माहितीच्या पानावर दिसणारा पत्ता चिपचा मूळ पत्ता असू शकतो, पण तुमच्या नेटवर्कला तो कधी दाखवलाच जात नाही. यादीत मूळ पत्ता भरला तर राउटरच्या दृष्टीने यादीतला फोन आलेलाच नसतो; दारात उभा असतो तो कोणी अनोळखी.

अँड्रॉइड हा पत्ता कसा ठरवतो हे समजून घेतले की पुढचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात. दर जोडणीला तो नवा पत्ता काढत नाही. नेटवर्कचे नाव आणि सुरक्षेचा प्रकार यांसारख्या गोष्टींवरून तो एक पत्ता तयार करतो आणि त्या नेटवर्कसाठी तोच धरून ठेवतो. म्हणूनच अँड्रॉइडवर नेटवर्क विसरून पुन्हा जोडले तरी सहसा पत्ता तोच राहतो. राउटर बदलला पण नाव आणि सुरक्षेचा प्रकार तेच ठेवले, तरीही पत्ता तोच राहतो. उलट राउटर तोच ठेवून नेटवर्कचे नाव बदलले की पत्ता नवा होतो. फोन पूर्णपणे पुसून मूळ स्थितीत नेला तरी सगळे पत्ते नव्याने तयार होतात.

आयफोनचे गणित थोडे वेगळे आहे. आयओएस १५ पासून नेटवर्क विसरायला सांगितले की त्याचा खासगी पत्ताही विसरला जातो. त्याच नेटवर्कला विसरण्याची मागची वेळ दोन आठवड्यांच्या आतली असेल तेवढाच अपवाद. सहा आठवडे त्या नेटवर्कला जोडलेच नाही तरी पुढच्या वेळी नवा पत्ता येतो. त्यामुळे ‘विसरून पुन्हा जोडा’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला परवानगी-यादीच्या बाबतीत आयफोनवर उलटा पडू शकतो: चालू असलेली नोंद त्याने निकामी होते.

पत्त्याकडे पाहून ओळखणे

एखादा मॅक पत्ता कारखान्यातला आहे की यादृच्छिक, हे बहुतेक वेळा त्याच्या दुसऱ्या चिन्हावरून कळते. पहिल्या जोडीतला एक बिट ‘हा पत्ता उत्पादकाने नव्हे, स्थानिक पातळीवर ठरवला आहे’ हे सांगण्यासाठी राखलेला आहे, आणि फोन यादृच्छिक पत्ता तयार करताना तो बिट १ ठेवतो. परिणामी यादृच्छिक पत्त्याचे दुसरे चिन्ह 2, 6, A किंवा E यांपैकीच एक असते. कारखान्यातल्या पत्त्याचे दुसरे चिन्ह सर्वसाधारणपणे 0, 4, 8 किंवा C असते.

```
00:00:5E:00:53:2A   मूळ पत्ता      (दुसरे चिन्ह 0)
9E:41:7B:C0:15:D3   यादृच्छिक      (दुसरे चिन्ह E)
36:D8:02:AF:6C:81   यादृच्छिक      (दुसरे चिन्ह 6)
```

ही खूण दोन ठिकाणी कामाला येते. राउटरच्या जोडलेल्या उपकरणांच्या पानावर उत्पादकाचे नाव नसलेले, ‘अनोळखी’ म्हणून दिसणारे एखादे उपकरण असेल आणि त्याच्या पत्त्याचे दुसरे चिन्ह या चारांपैकी असेल, तर ते घुसखोर असण्यापेक्षा घरातलाच एखादा फोन असण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. राउटर पहिल्या तीन जोड्यांवरून उत्पादक ओळखतो आणि यादृच्छिक पत्त्यात त्या जोड्यांना काही अर्थच नसतो. दुसरे म्हणजे, परवानगी-यादीवर एकदा नजर फिरवली आणि त्यातल्या फोनांच्या सगळ्या नोंदी 0, 4, 8 किंवा C अशा असल्या, तर अडचण कुठे आहे हे पुढची चाचणी करण्याआधीच बरेचसे कळून चुकते.

कारण हेच आहे ना, याची चाचणी

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी खात्री करून घ्यावी, कारण चुकलेला पासवर्ड किंवा फोनला न चालणारा सुरक्षेचा प्रकार यांची लक्षणेही अशीच दिसतात. चाचणी सोपी आहे. राउटरला शक्यतो केबलने जोडलेल्या संगणकावरून त्याच्या व्यवस्थापनाचे पान उघडावे. मॅक पत्त्यांची यादी तिथे "Wireless MAC Filtering" किंवा "Access Control" अशा नावाखाली सापडते. यादीतल्या नोंदींना न छेडता फक्त ती सोय बंद करावी, बदल जतन करावा आणि फोन जोडून पाहावा.

फोन लगेच जोडला गेला तर दोष यादीचाच आहे, आणि पासवर्ड बरोबर असल्याचेही त्याच वेळी सिद्ध झाले. यादी बंद असतानाही फोन जोडला जात नसेल, तर पुढचे काही वाचण्याआधी पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार तपासावा, कारण यादी कितीही दुरुस्त केली तरी तो फोन जोडला जाणार नाही.

केबलचा आग्रह धरण्याचे कारण असे की यादीशी खेळताना स्वतःलाच बाहेर ठेवण्याची चूक फार सहज होते. फोनवरूनच राउटरचे पान उघडले आणि त्याच फोनचा पत्ता यादीत नसताना सोय पुन्हा चालू केली, तर बदल जतन होताच जोडणी तुटते आणि त्या फोनवरून पान पुन्हा उघडता येत नाही. केबल किंवा यादीतले दुसरे उपकरणही हाताशी नसेल, तर राउटर मूळ स्थितीला नेण्यावाचून पर्याय राहत नाही आणि बाकीची मांडणीही पुसली जाते.

कोणता पत्ता नोंदवायचा

इथे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे फोनला त्या नेटवर्कपुरता मूळ पत्ता वापरायला सांगणे, आणि दुसरा म्हणजे फोन त्या नेटवर्कसाठी वापरत असलेला यादृच्छिक पत्ताच यादीत भरणे. बहुतेक ठिकाणी पहिला मार्ग सुचवला जातो. माझे मत मात्र असे की यादी आपल्याच हातात असेल आणि फोनचा पत्ता त्या नेटवर्कसाठी स्थिर राहत असेल, तर दुसरा मार्ग अधिक चांगला. फोनची खासगी पत्त्याची सोय तशीच राहते, मूळ पत्ता कुठेही उघड होत नाही, आणि राउटरला त्याने काही फरक पडत नाही. त्याला केवळ जुळणारा पत्ता हवा असतो.

मूळ पत्ता योग्य ठरतो तो दुसऱ्या परिस्थितीत. यादी एखादे कार्यालय किंवा वसतिगृह सांभाळत असेल, पत्ता अर्जावर लिहून द्यावा लागत असेल आणि तो बदलला की पुन्हा अर्ज करावा लागत असेल, तिथे कधीच न बदलणारा पत्ता देणे सोयीचे. फोन वारंवार पुसून नव्याने वापरला जात असेल, तरीही तोच मार्ग बरा.

यादृच्छिक पत्ता नोंदवायचा तर तो कुठून घ्यायचा, हा प्रश्न थोडा अडचणीचा आहे, कारण यादीत नसलेला फोन जोडला जात नाही आणि न जोडलेल्या फोनचा पत्ता राउटरच्या पानावर दिसत नाही. अँड्रॉइडवर नेटवर्क एकदा जतन झालेले असेल तर जोडणी फसली तरी पत्ता वाचता येतो: सेटिंगमध्ये "Network & internet", मग "Internet", मग त्या नेटवर्कशेजारचे चक्राचे चिन्ह, आणि तिथल्या पानावर यादृच्छिक मॅक पत्ता लिहिलेला असतो. त्याच पानावर "Privacy" या नावाखाली यादृच्छिक आणि मूळ पत्ता यांपैकी एक निवडण्याची सोय असते; काही फोनांत ती "MAC address type" या नावाने असते. आयफोनवर सेटिंगमधल्या "Wi-Fi" पानावर नेटवर्कशेजारच्या वर्तुळातल्या i वर टेकवले की "Wi-Fi Address" या ओळीत त्या नेटवर्कचा पत्ता दिसतो.

फोनवर तो कुठेच सापडला नाही, तर वरच्या चाचणीचाच उपयोग करावा. यादीची सोय बंद करून फोन जोडावा आणि राउटरच्या जोडलेल्या उपकरणांच्या पानावरून त्याचा पत्ता घ्यावा. हा पत्ता राउटरला प्रत्यक्ष ऐकू आलेला असल्याने त्यात चूक होण्याला वाव उरत नाही. शक्य असेल तिथे तो हाताने न लिहिता पानावरूनच निवडावा किंवा नकलून घ्यावा. हाताने लिहायचाच असेल तर लक्षात ठेवावे की मॅक पत्त्यात O हे अक्षर कधीच नसते, असतो तो शून्य. आणि 8 व B यांची अदलाबदल सर्वाधिक होते. अक्षरे लहान की मोठी, याने फरक पडत नाही. मध्ये अपूर्णविराम हवा की आडवी रेघ, हे मात्र राउटरच्या रकान्यात दिलेल्या नमुन्यानुसार ठेवावे.

एक उदाहरण, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

समजा एका राउटरवर दोन नावांची नेटवर्के आहेत: 2.4 गिगाहर्ट्झवर `Ghar` आणि 5 गिगाहर्ट्झवर `Ghar_5G`. परवानगी-यादीत एका अँड्रॉइड फोनचा मूळ पत्ता, वर दिलेला `00:00:5E:00:53:2A`, भरलेला आहे. फोन दोन्हीकडे नाकारला जातो.

पहिली पायरी म्हणून केबलने जोडलेल्या संगणकावरून यादीची सोय बंद केली. फोन `Ghar` ला लगेच जोडला गेला. म्हणजे पासवर्ड ठीक आहे. जोडलेल्या उपकरणांच्या पानावर त्या वेळी जो नवा पत्ता दिसला तो `9E:41:7B:C0:15:D3`. दुसरे चिन्ह E, म्हणजे हा यादृच्छिक पत्ता. तो यादीत भरला, सोय पुन्हा चालू केली, बदल जतन केला आणि फोनचे वाय-फाय बंद करून चालू केले. फोन जोडला गेला.

इथे काम संपले असे वाटते, पण दुसऱ्या दिवशी फोन `Ghar_5G` कडे वळला आणि पुन्हा नाकारला गेला. नाव वेगळे असल्याने अँड्रॉइडने त्या नेटवर्कसाठी वेगळा पत्ता तयार केला होता: `36:D8:02:AF:6C:81`. राउटर एकच, फोन एकच, पण यादीच्या दृष्टीने ही दोन उपकरणे आहेत. तोही पत्ता यादीत भरला तेव्हा अडचण मिटली. काही राउटरांवर 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांच्या याद्याही वेगळ्या असतात. तिथे पहिला पत्ता पहिल्या यादीत आणि दुसरा दुसऱ्या यादीत जाईल, याकडे लक्ष द्यावे लागते.

याला पर्याय असा की दोन्ही पट्ट्यांना एकच नाव, एकच पासवर्ड आणि एकच सुरक्षेचा प्रकार द्यावा. मग फोन दोन्हीकडे एकाच पत्त्याने येतो आणि एक नोंद पुरते. पाहुण्यांसाठीचे वेगळे नेटवर्क असेल तर त्यासाठी अर्थातच तिसरा पत्ता येईल, पण तिथे सहसा यादी लावायचीच नसते.

शेवटी मूळ पत्त्याची जुनी नोंद यादीतून काढून टाकली. ती राहू दिल्याने फोनचे काही बिघडत नाही, पण राउटरांच्या याद्यांना नोंदींची मर्यादा असते, आणि कोणाची कोणती नोंद हे सहा महिन्यांनी आठवत नाही. राउटर नोंदीला नाव देऊ देत असेल तर नावातच नेटवर्क लिहावे.

चालू झालेले पुन्हा बंद पडले तर

काही दिवस सुरळीत चालून मग फोन अचानक नाकारला जाऊ लागला, तर तो पत्ता स्थिर नाही असे समजावे. किती दिवसांनी हे घडले, यावरून कारणाचा अंदाज येतो.

साधारण दोन आठवड्यांनी आयफोन नाकारला जात असेल, तर आयओएस १८ मधली सोय तपासावी. त्या आवृत्तीपासून "Private Wi-Fi Address" या ओळीत तीन पर्याय येतात: "Off", "Fixed" आणि "Rotating". शेवटच्या पर्यायात पत्ता साधारण दोन आठवड्यांनी बदलत राहतो, आणि परवानगी-यादीशी त्याचे कधीच जमणार नाही. आपल्या नेटवर्कसाठी "Fixed" निवडावा, आणि निवडल्यानंतर दिसणारा पत्ता नव्याने यादीत भरावा. पुरेशी सुरक्षा असलेल्या नेटवर्कांसाठी फोन आपणहून "Fixed" धरतो. उघड्या किंवा जुनाट सुरक्षेच्या नेटवर्कांसाठी "Rotating". म्हणून घरचा आयफोन आपोआप "Rotating" वर गेलेला दिसला, तर आधी राउटरचा सुरक्षेचा प्रकार तपासावा. तो डब्ल्यूपीए२ च्या खालचा असण्याची शक्यता आहे, आणि तो यादीपेक्षा मोठा दोष आहे.

अँड्रॉइड १२ पासून काही नेटवर्कांसाठी पत्ता साधारण दिवसभरात बदलू शकतो, परंतु हे मुख्यतः पासवर्ड नसलेल्या नेटवर्कांना लागू होते. पासवर्ड असलेल्या घरच्या नेटवर्कवर असे घडत असेल, तर विकसकांच्या पर्यायांत अस्थिर मॅक पत्त्याची सोय कोणी चालू केली आहे का, हे पाहावे. विंडोजच्या लॅपटॉपवर "Random hardware addresses" या सोयीत रोज पत्ता बदलण्याचाही पर्याय असतो. तो निवडलेला असेल तर लॅपटॉप रोज सकाळी अनोळखी ठरेल.

ठरावीक अंतराने नव्हे तर एखाद्या बदलानंतर अडचण आली असेल, तर नेटवर्कचे नाव बदलले का, सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ वरून डब्ल्यूपीए३ केला का, फोन पुसला का किंवा आयफोनवर नेटवर्क विसरले का, हे प्रश्न याच क्रमाने विचारावेत. मूळ पत्ता वापरायचे ठरवलेले असेल, तर नेटवर्क विसरून पुन्हा जोडताना ती निवड हरवते आणि फोन पुन्हा यादृच्छिक पत्त्यावर जाऊ शकतो. हे मात्र अँड्रॉइडलाही लागू आहे.

हॉटस्पॉटवरची यादी

मोबाइल हॉटस्पॉटवर तत्त्व तेच असले तरी काम थोडे सोपे असते, कारण दोन्ही फोन शेजारी असतात. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये परवानगी दिलेल्या उपकरणांची यादी असते. ती मर्यादा बंद करून दुसरा फोन जोडावा, जोडलेल्या उपकरणांत तो दिसला की तिथूनच त्याला परवानगी द्यावी आणि मर्यादा पुन्हा चालू करावी. पत्ता कुठे लिहावा लागत नाही.

हॉटस्पॉटचे नाव मात्र लोक सहज बदलतात, आणि त्यासोबत जोडणाऱ्या फोनचा पत्ताही बदलतो, हे इथेही लागू पडते. हॉटस्पॉट देणारा फोन बदलला आणि नव्या फोनने आपल्या पद्धतीने नाव ठेवले, तर जुन्या यादीचा उपयोग संपतो. हॉटस्पॉट देणाऱ्या फोनवर स्वतःची यादृच्छिक पत्त्याची सोय चालू आहे की बंद, याचा यादीवर परिणाम होत नाही. तुलना होते ती जोडणाऱ्या फोनच्या पत्त्याची.

यादीकडून किती अपेक्षा ठेवावी

मॅक पत्ता फ्रेमच्या शीर्षभागात उघडा जातो. पासवर्डाने कूटबद्ध होतो तो आतला मजकूर, पत्ता नव्हे. त्यामुळे जवळपास बसून वाय-फाय ऐकणाऱ्याला परवानगी असलेल्या एखाद्या उपकरणाचा पत्ता काही मिनिटांत वाचता येतो आणि स्वतःच्या उपकरणावर लावता येतो. यादी त्याला अडवू शकत नाही. त्याला अडवतो तो पासवर्ड. यादीचा खरा उपयोग मर्यादित आहे: ज्यांना पासवर्ड माहीत आहे पण ज्यांनी जोडू नये असे वाटते, त्यांना आणि चुकून जोडल्या जाणाऱ्या उपकरणांना ती बाहेर ठेवते. आणि यादृच्छिक पत्त्यांमुळे ‘अमक्या फोनला बंदी’ ही उलट प्रकारची यादी तर जवळजवळ निरुपयोगी झाली आहे, कारण बंदी घातलेला फोन सोय बदलून नव्या पत्त्याने परत येऊ शकतो. अशा फोनला दूर ठेवायचे असेल तर पासवर्ड बदलणे, आणि नको असलेल्या उपकरणांसाठी वेगळ्या पासवर्डचे पाहुण्यांचे नेटवर्क ठेवणे, हेच प्रत्यक्षात टिकते. तरीही यादी ठेवायचीच असेल, तर राउटरवर डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ आणि लांब पासवर्ड आधी लावावा, आणि मगच वरच्या क्रमाने एकेका उपकरणाचा पत्ता भरायला घ्यावा.